फ्लॅट बायकोच्या नावावर, पण पैसा कोणाचा?
(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासद-मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला बेनामी कायद्यावर बोलायला सांगितले आहे. मी वकील नाही. आयुष्यभर बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासली, त्या अनुभवावर चार गोष्टी सांगतो.

आपल्याकडे फ्लॅट बायकोच्या नावावर घेण्याची पद्धत जुनी आहे. आता महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही मिळते. मग हा व्यवहार बेनामी होतो का? नुसत्या नावामुळे होत नाही. १९८८चा कायदा २०१६ मध्ये कडक झाला, पण पती-पत्नी आणि अपत्यांसाठी त्यात अपवाद आहे. अट एकच : ज्याने पैसे दिले त्याचे पैसे त्याच्या ज्ञात उत्पन्नातून आलेले असावेत. ही अटच लोक विसरतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका निवृत्त गृहस्थांनी ६० लाखांचा फ्लॅट पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतला. ३८ लाख प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचे, १२ लाख गावच्या जमिनीच्या विक्रीचे, आणि उरलेले १० लाख पत्नीच्या भावाने धंद्यातले रोख दिले. "माझं नाव नको, पुढे विकाल तेव्हा माझा वाटा द्या," एवढेच तोंडी ठरले.

पहिल्या ५० लाखांचा माग लागतो. कार्यालयाचा हिशोब, खरेदीखत, बँकेतली नोंद, सगळे आहे. गृहस्थ ते दाखवू शकतात. अडतात ते १० लाखांवर. ते पतीचे नाहीत, म्हणून पती-पत्नीचा अपवाद तिथे लागत नाही. भावाबहिणीसाठी वेगळा अपवाद आहे, पण त्यात दोघांची नावे दस्तऐवजात संयुक्त मालक म्हणून हवीत आणि पैसाही ज्ञात उत्पन्नातला हवा. इथे दोन्ही नाही.

आता नोटीस आली तर उत्तर कोणाला द्यायचे? जिच्या नावावर फ्लॅट आहे त्या वहिनींना. त्या म्हणतील, "मला काही ठाऊक नाही, सगळं ह्यांनी केलं." तेवढे पुरत नाही. बेनामी ठरलेली मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. त्याशिवाय एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे. आणि पुढे बहीण-भाऊ रुसले, तर आपला वाटा मागायला भावाला कोर्टाचे दार बंद. बेनामी मालमत्तेवर खऱ्या मालकाला दावा लावता येत नाही.

मग करायचे काय? मेहुण्याने ते १० लाख चेकने, लेखी कर्ज म्हणून दिले असते आणि त्याच्या रिटर्नमध्ये ते बसत असते, तर भानगड नव्हती. वाटाच हवा होता, तर करारनाम्यात दोघांची नावे आणि कोणाचा किती हिस्सा ते लिहायचे. एक टक्क्याची सूट फक्त स्त्रियाच खरेदीदार असतील तर मिळते, ती गेली असती; पण झोप शाबूत राहिली असती.

पतीचाच सगळा पैसा असेल, तरी घर आपल्या नावावर घेऊन मृत्युपत्र करणे हा सरळ मार्ग. हयातीत द्यायचे असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. राहते घर पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडांना देताना आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागतो का, ते निबंधक कार्यालयात विचारावे. फक्त लक्षात ठेवा : पत्नीला दिलेल्या घराचे भाडे आले, तर आयकरात ते बहुधा पतीच्याच उत्पन्नात मोजतात. आणि सून म्हणजे अपत्य नव्हे. पती-पत्नी व अपत्यांचा अपवाद तिला लागू नाही.

अज्ञान मुलाच्या नावावर घर घेणाऱ्यांना सांगतो, पुढे अडचणीत ते विकायचे झाले, तर हिंदू कायद्याप्रमाणे पालकालाही कोर्टाची परवानगी लागते. मुलाच्या शिक्षणासाठी विकायचे म्हटले तरी.

शेवटी बँकवाल्याचा एक सल्ला. करारनामा, मुद्रांकाची पावती आणि ज्या खात्यातून पैसे गेले त्याचा शिक्कामोर्तब उतारा, हे एकाच फाइलला लावा. उतारा आजच काढा. बँका जुने तपशील कायम जपून ठेवत नाहीत, आणि नोटीस वर्षांनी येते. फाइल कुठे आहे, हे जिच्या नावावर घर आहे तिलाही दाखवून ठेवा.