संप्रेरक भरपूर, पण रेघ गायब
लघवीचे दोन-तीन थेंब गर्भचाचणीच्या पट्टीवर पडले, की टिपकागदावरच्या शाईसारखे पुढे सरकतात. वाटेत रंगीत कण लावलेली प्रतिपिंडं एचसीजी हे गर्भसंप्रेरक पकडतात आणि ‘टी’ रेघेवरची प्रतिपिंडं त्याची दुसरी बाजू धरतात. दोन्हीकडून धरलं, तरच रेघ दिसते. बहुतेक पट्ट्यांना मिलिलिटरमागे 25 मिलियुनिट एचसीजी पुरतं.

द्राक्षगर्भात मात्र ते कधीकधी लाखांच्या घरात जातं. मग इकडचे हात भरलेले, तिकडचेही भरलेले. मधला दुवा जुळणार कसा? ‘सी’ रेघ ठळक, ‘टी’ पुसट किंवा गायबच. पाळी चुकलेली, उलट्या अनावर, रक्तस्राव चालू, आणि पट्टी म्हणते ‘नाही’! अशी शंका आली, की प्रयोगशाळेत तीच लघवी दहापट किंवा अधिक पातळ करून पुन्हा तपासतात. आता रेघ उमटते. सोनोग्राफी तरीही लागतेच.