मेसचा डबा, पन्नास ग्रॅमची तूट आणि बत्तीस रुपये

आज बोलूया मेसच्या ताटाबद्दल. बीडमध्ये रूम करून पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा धरा. वजन 60 किलो. सकाळी 1600 मीटर पळतो, गोळा फेकतो, संध्याकाळी जिम. अंगावर मांस चढवायचं तर त्याला दर किलो वजनामागं साधारण 1.6 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 95 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं.

मेसमधून किती मिळतं? दोन वेळच्या आठ चपात्यांचं 24 ग्रॅम धरा. भात, पातळ वरण आणि भाजी मिळून अजून वीसेक. झाले 45. राहिली 50 ग्रॅमची तूट. ती अशी भरायची:

तीन उकडलेली अंडी, 18 ग्रॅम. सोयाबीन वडी कोरडी 40 ग्रॅम, त्यातून 20. शेंगदाणे 40 ग्रॅम, त्यातून 10. झाले 48!

आता खर्च. अंडं 7 रुपयांना, वडी आणि शेंगदाणे 140 रुपये किलो धरू. अंड्यांचे 21, बाकी दोन्हीचे मिळून 11. दिवसाला 32 रुपये. पैसे संपत आले की एक अंडं कमी करा, पण वडी सोडू नका, कारण सगळ्यात स्वस्त प्रोटीन तिच्यातच आहे.

वजनकाटा लागत नाही. वडीचं 200 ग्रॅमचं पाकीट बरोबर पाच दिवस पुरवायचं, किलोभर शेंगदाणे पंचवीस दिवस. इथंच बरेच जण फसतात. पाकिटावरचा 52 टक्के आकडा कोरड्या वडीचा असतो. भिजून फुगलेली वडी 40 ग्रॅम मोजली, तर प्रोटीन पार कमी भरतं.

वडी मिठाच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, परत धुऊन पिळा. उग्र वास जातो. मग मेसच्या काकूंना सांगून रश्श्यात टाका. पहिला आठवडा निम्मीच खा, नाहीतर पोटात गॅस धरतो. अंडं कच्चं पिऊ नका. कच्च्यातलं प्रोटीन निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं, उकडलेल्यातलं जवळपास सगळं.

शेंगदाण्याला मात्र प्रोटीनपेक्षा तेलाचा माल समजा. मूठ-मूठ खाल्ले तर पोट भरतं आणि जेवण कमी जातं. कडू, सुरकुतलेला किंवा बुरशी आलेला दाणा फेकून द्या, त्यात विषारी घटक असू शकतो.

तीन आठवडे झाले आणि वजन हललंच नाही, तर वडी वाढवू नका. तिथं कमी पडतंय ते एकूण जेवण. दोन भाकरी वाढवा. किडनीचा त्रास असेल, किंवा सोया-शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

तुमच्या मेसचं ताट असंच मोजून बघा आणि तूट किती निघते ते कळवा. भेटू पुढच्या भागात!