पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं

कोपरीतून तीन महिन्यांसाठी दुबईला मुलाकडे निघालेल्या मधुमेही आईच्या बॅगेत बहुधा मेटफॉर्मिन, रक्तदाबाची गोळी आणि पायांच्या जळजळीवरची कॅप्सूल असते. पहिल्या दोन औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी आणि तीन महिन्यांपुरताच साठा, एवढं सहसा पुरतं. घोळ होतो तो तिसऱ्याचा. तिच्यात मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ असतं, म्हणून घरात तिला ताकदीची गोळी समजतात. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली, तर बी-१२च्या शेजारी प्रीगाबालिन, ७५ मिलिग्रॅम, असं दिसतं. संयुक्त अरब अमिरातीत प्रीगाबालिन नियंत्रित औषध आहे. झोपेसाठीची अल्प्राझोलाम, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन यांचंही तसंच. कस्टमचा अधिकारी आजार तपासत नाही, घटक तपासतो. म्हणून खरी तयारी विमानतळावर नाही, औषधाच्या दुकानातच करावी लागते.

दुकानदार पट्टी कापून देतो, तेव्हा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख बरेचदा दुसऱ्या तुकड्यावर राहते. प्रवासासाठी पूर्ण पट्ट्याच घ्याव्यात, पासपोर्टवरच्याच नावाचं बिल मागावं आणि दिवसांच्या खणांच्या डबीत गोळ्या आधीच भरून ठेवू नयेत. चिठ्ठीवर घटकाचं नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी, हे स्वच्छ लिहून घ्यावं. जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला, तेव्हा मागायला संकोच कशाला? नियंत्रित औषधासाठी मात्र चिठ्ठीवर भागत नाही. तिथल्या सरकारी संकेतस्थळावर चिठ्ठी, वैद्यकीय अहवाल आणि पासपोर्ट जोडून निघण्यापूर्वी परवाना काढावा लागतो. इन्सुलिनचं पेन आणि सुया चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. खालच्या सामानात इन्सुलिन गोठलं तर ते वाया जातं.

यावर हमखास उत्तर येतं की शेजारचे काका दोनदा जाऊन आले, कुणी विचारलं नाही. प्रत्येक बॅग उघडत नाहीत, एवढंच त्यातून सिद्ध होतं. दुसरा आक्षेप असा की भारतात कायदेशीर असलेलं औषध तिथे गुन्हा कसं ठरेल? पण मर्यादा आपल्याकडेही आहेतच: ट्रॅमाडॉल २०१८ पासून आपल्याही अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे. औषध तिथेच विकत घ्यावं, ही सूचना मेटफॉर्मिनपुरती ठीक. नियंत्रित औषधाला तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि त्यात दिवस जातात. परवाना मिळणार नसेल, तर निदान महिनाभर आधी डॉक्टरांकडून पर्यायी औषध सुरू करून घ्यावं. प्रीगाबालिन निघायच्या आदल्या रात्री एकदम थांबवू नये. झोप उडते, घाम फुटतो, मळमळतं. मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते.