लिहिलं मराठीत, पोहोचलं कशात?

आज आम्ही तुमच्याशी फोनवर मराठी लिहिण्याबद्दल बोलणार आहोत. आणि लिहिलेलं समोरच्या बाईला तसंच दिसतं का, हे कसं ओळखायचं, त्याबद्दलही.

आधी लिहिण्याचं बघू. बऱ्याच फोनवर जीबोर्ड नावाचा कीबोर्ड असतो. लिहिण्याची जागा उघडली की कीबोर्डच्या वर दातेरी चाकाची खूण दिसते. ती दाबून Languages मध्ये जायचं, Add keyboard दाबायचं आणि मराठी निवडायचं. तिथे दोन-तीन प्रकार दिसतात, त्यातला abc → मराठी हा घ्यायचा. आता इंग्रजी अक्षरांत bachat gat लिहिलं की वरच्या पट्टीत बचत गट असं येतं. लॅपटॉपवर विंडोज १० किंवा ११ असेल तर मराठी भाषा जोडून Marathi Phonetic हा कीबोर्ड घ्यायचा. तोही असाच चालतो.

या पद्धतीत आपण उच्चार लिहितो आणि शब्द यंत्र सुचवतं. म्हणून पट्टीतला पहिला शब्द डोळे झाकून घ्यायचा नाही. समजा, शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या गटाला निरोप धाडायचा आहे, ‘आचाऱ्यांना मंगळवारी पैसे मिळतील.’ पट्टीतून ‘आचार्यांना’ निवडलं गेलं, तर स्वयंपाकिणींचे पैसे गुरुजींच्या नावावर गेले! आचारी असेल तर ‘ऱ्य’ आणि आचार्य असेल तर ‘र्य’. दुसऱ्या, शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना हे शब्दही असेच. पट्टीत बरोबर शब्द दिसला नाही, तर मराठी अक्षरांच्या कीबोर्डवर जाऊन खाली टिंब असलेला ऱ, मग पाय मोडायची खूण आणि मग य, या क्रमाने लिहायचं. म्हणजे ऱ्य तयार होतो.

आता पोहोचण्याचं. एका गटाने पापडांची दरयादी टायपिंगच्या दुकानातून करून आणली. दुकानातल्या संगणकावर मराठी स्वच्छ दिसत होती. तीच फाइल गटाच्या फोनवर उघडली तर ‘बचत गट’च्या जागी cpr xV असं दिसलं. फोन बिघडला नव्हता. दुकानात कृतिदेव हा जुना फॉन्ट वापरला होता. त्या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात इंग्रजी c असतो आणि फॉन्ट त्याला ‘ब’चा चेहरा देतो. जिथे तो फॉन्ट नाही, तिथे चेहरा उतरतो आणि c उघडा पडतो. आपण फोनवर लिहितो ते युनिकोड असतं. त्यात ‘ब’ला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. म्हणून फॉन्ट बदलला तरी ‘ब’ हा ‘ब’च राहतो.

दुकानातून फाइल घेताना ही पारख तिथेच करता येते. फाइलमधली एक ओळ उचलून व्हॉट्सअॅपच्या लिहिण्याच्या जागेत चिकटवायची. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे. cpr xV झालं तर ‘युनिकोडमध्ये करून द्या’ असं सांगायचं. बदलून दिलेली फाइल ओळीन् ओळ वाचायची, कारण जोडाक्षरं बदलताना चुकू शकतात. नुसती वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ चालते. तिच्यात फॉन्ट सोबत घालता येतो. पण समोरच्याला तिच्यात सहज दुरुस्ती करता येत नाही.

युनिकोडमध्ये लिहिलं तरी एक काम उरतं. व्हॉट्सअॅपवरच्या दोन निळ्या खुणा एवढंच सांगतात, की निरोप उघडला गेला. अक्षरं नीट दिसली का, ते त्या सांगत नाहीत. म्हणून नव्या माणसाला, बँकेला किंवा खरेदीदाराला मोठी यादी धाडण्याआधी एकच ओळ धाडायची: ‘दुसऱ्या हप्त्याचे १,२५० रुपये आचाऱ्यांना द्या.’ मग फोन करून ‘मिळालं का?’ असं विचारायचं नाही. ‘ताई, काय लिहिलंय ते वाचून दाखवा’ असं म्हणायचं.

त्यांनी वाचलं तर यादी निर्धास्त धाडायची. ‘नुसते चौकोन दिसतात’ म्हणाल्या तर त्यांच्या यंत्रात मराठी अक्षरंच नाहीत. ‘जोडाक्षरं फुटलीत, पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसतात’ म्हणाल्या तर त्यांचं यंत्र किंवा अॅप जुनं आहे. या दोन्ही वेळी लिहिणारीची चूक नसते. त्यांना पीडीएफ किंवा कागदाचा फोटो धाडायचा. आणि ‘इंग्रजी काहीतरी आलंय’ म्हणाल्या, तर आपल्याच फाइलचा फॉन्ट तपासायचा.

येत्या बैठकीत प्रत्येकीने शेजारणीला ही ओळ धाडावी आणि तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी. हप्त्याची रक्कम आणि आचारी दोन्ही बरोबर वाचले गेले, की मगच फोन पिशवीत ठेवायचे.