किती केसेस लागतील? आधी गल्लीत मोजा

आज बोलूया भवानी पेठेबद्दल. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. आता समजा, मला शोधायचंय की विडी वळण्याचा आणि जुनाट खोकल्याचा काही संबंध आहे का. खोकला असलेल्या बायका म्हणजे केसेस, नसलेल्या म्हणजे कंट्रोल्स. दोघींना एकच विचारायचं : तुम्ही विड्या वळता का? पण अशा किती जणींना विचारायचं?

आकडे उदाहरणापुरते घेतो. कंट्रोल्समध्ये 100 पैकी 60 जणी विड्या वळतात. म्हणजे 60 ला 40, ऑड्स झाले 1.5. मला ऑड्स रेशो 2 पकडायचाय, तर केसेसमध्ये ऑड्स हवेत 3, म्हणजे 75 ला 25. फरक 60 आणि 75 चा. आता सूत्र बघा :

```
n = 7.84 × [p0(1−p0) + p1(1−p1)] / (p1−p0)²
```

p0 म्हणजे 0.60, p1 म्हणजे 0.75. 7.84 हा आकडा 5 टक्के सिग्निफिकन्स आणि 80 टक्के पॉवर धरल्यावर येतो. उत्तर : 149 केसेस, 149 कंट्रोल्स.

वेळ नाही म्हणून 60-60 च घेतल्या तर? ऑड्स रेशो खरोखर 2 असला, तरी असा अभ्यास 100 पैकी साधारण 42 वेळाच तो पकडेल. बाकीच्या वेळी रिपोर्टमध्ये येईल ‘संबंध आढळला नाही’, आणि खोकणाऱ्या बाईला कुणीतरी तेच ऐकवेल.

आता गंमत बघा. एखादी गल्ली अशी निवडली, जिथे 100 पैकी 90 जणी विड्या वळतात. वाटतं, इथे तर काम सोपं! पण 90 ला 10 म्हणजे ऑड्स 9, त्याची दुप्पट 18, म्हणजे केसेसमध्ये जेमतेम 95 टक्के. फरक पाचच टक्क्यांचा उरला, आणि गरज गेली 489-489 वर. सगळ्याच जणी वळतात, तर तुलना करायची कुणाशी?

मग विड्या न वळणाऱ्या बायका लांबच्या एखाद्या सोसायटीतून आणायच्या का? नाही. केसेस जिथल्या, कंट्रोल्सही तिथल्याच हव्यात, नाहीतर दिसणारा फरक विडीचा की वस्तीचा, हे कळणार नाही. गल्लीऐवजी अख्खी पेठ घ्या, पण मग केसेसही अख्ख्या पेठेतल्या घ्या.

म्हणून सूत्राला हात लावण्याआधी खोकला नसलेल्या पन्नासेक बायकांना विचारून p0 चा अंदाज घ्या. आणि ऑड्स रेशो 1.5 पकडायचा असेल, तर 60 टक्क्यांच्या हिशोबातही 149 चे 417 होतात. तेवढ्या केसेस पेठेत मिळतील का, हे फॉर्म छापायच्या आधीच बघून घ्या.