नाशिकला उतरल्यावर फलाट कसा शोधायचा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलणं)

पुढच्या महिन्यात आपल्यातल्या काही जणी प्रशिक्षणाला संगमनेरला निघाल्यात. गाडी नाशिकला बदलायची आहे, म्हणून तेवढंच बोलते.

पहिली गोष्ट, नाशिकला स्टँड एक नाही. जुनं सीबीएस आहे, ठक्कर बाजारचं नवीन सीबीएस आहे, त्याच्या शेजारी मेळा स्थानक आहे आणि मुंबई नाक्याला महामार्ग स्थानक आहे. म्हणून उतरायच्या आधीच कंडक्टरला दोन प्रश्न विचारायचे: "ही गाडी कोणत्या स्टँडला थांबते? आणि संगमनेरची कुठून मिळेल?" पुणे रस्त्याची गाडी ठक्कर बाजार आणि मेळा या बाजूला बघायची. जुन्या सीबीएसला उतरलात तर तिथून पायी जाता येतं, उगाच रिक्षा करू नका. महामार्ग स्थानक मात्र लांब पडतं.

आत गेलं की आधी चौकशीची खिडकी गाठायची. तिथे नुसतं "संगमनेरची गाडी कधी?" एवढंच विचारू नका. संगमनेर लिहिलेलीच गाडी शोधत बसलात, तर डोळ्यांसमोरून पुण्याच्या दोन गाड्या निघून जातील. पुण्याची साधी गाडी सिन्नर, संगमनेर, नारायणगाव अशीच जाते. म्हणून विचारायचं, "पुण्याची गाडी कोणत्या फलाटाला लागते, आणि ती संगमनेरला थांबते का?" विनाथांबा असेल तर मधे उतरवणार नाहीत. अहिल्यानगरच्या पाटीवर तर भुलूच नका. त्यातल्या काही गाड्या सिन्नरच्या पुढे शिर्डीकडे वळतात, संगमनेर लागतच नाही. पाटीवर मोठं नाव शेवटच्या गावाचं असतं, पण आपल्या कामाचं असतं ते खालचं बारीक "मार्गे".

फलाटाचा नंबर कळला तरी तो पक्का धरू नका. गर्दीच्या दिवशी किंवा उशीर झाला की जिथे जागा मिळेल तिथे गाडी लावतात. मग भोंग्यावरून सांगतात, "अमुक गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागलेली आहे." गप्पांच्या नादात तेच ऐकायचं राहतं. एकीने पिशव्या सांभाळायच्या आणि एकीने कान तिकडे ठेवायचे, असं ठरवून घ्या.

आता जिवाचं सांगते. गाडी तोंड फलाटाकडे करून उभी असते, म्हणजे निघताना ती मागे येते. ड्रायव्हरला मागची बाई दिसत नाही. म्हणून दुसऱ्या फलाटावर जायचं तर छपराखालूनच चालायचं, पाटी समोरूनच वाचायची. गाड्यांच्या मागून आडवं जायचं नाही, लेकरू बरोबर असेल तर अजिबात नाही.

दारात पाय ठेवताना कंडक्टरला परत एकदा विचारा, "संगमनेर थांबणार ना?" तिकीट आपल्याला अर्धंच लागतं, 2023 पासून. लघवीला किंवा पाण्याला उतरलात तर आधी गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे हातावर लिहून घ्या. लाल गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात.