चार्टर पार्टीचे मराठी



मी जहाजांच्या वेळेचा हिशोब करणारे सॉफ्टवेअर लिहिते. मध्यंतरी कोकणातल्या एका कोळसा व्यापाऱ्यांच्या कारकुनांसाठी 'चार्टर पार्टी'चे मराठी करून दिले. त्याविषयी थोडे बोलते. या पार्टीत जेवण नसते, हे आधीच सांगते! 'कार्टा पार्टिटा' म्हणजे दोन भागांत विभागलेला कागद, त्यावरून हे नाव आले. जहाज भाड्याने घेण्याचा हा करार.

माल उतरवायला जी ठरलेली मुदत मिळते ती 'लेटाइम'. ती संपल्यावर मालकाला दर दिवसाला द्यायची रक्कम म्हणजे 'डेमरेज'. याला 'दंड' म्हणू नये. उशिराची ही आधीच ठरवलेली भरपाई असते.

एक उदाहरण घेऊ. कोळसा ३०,००० टन, दिवसाला १०,००० टन उतरवायचा. म्हणजे मुदत तीन दिवस. रविवार आणि पावसाने काम थांबले तो वेळ वगळायचा. डेमरेज दिवसाला १२,००० डॉलर. मुदत गुरुवारी सकाळी आठला सुरू झाली. शुक्रवारी चार तास पाऊस पडला, मध्ये रविवार आला. म्हणून मुदत सोमवारी दुपारी बाराला संपली. मंगळवारी दिवसभर पाऊस, आणि माल उतरून झाला बुधवारी दुपारी बाराला.

आता डेमरेज किती? मंगळवार वगळला तर १२,०००. पण बरोबर उत्तर २४,०००. मंगळवारचा पाऊस मोजावाच लागतो. इंग्लिश कायद्यात म्हणच आहे, एकदा डेमरेज लागले की ते लागतच राहते. पावसाची सूट मुदतीला आहे, डेमरेजला नाही. डेमरेजलाही ती हवी असेल, तर करारात तसे स्पष्ट लिहावे लागते. म्हणून 'पावसाचा वेळ मोजला जाणार नाही' हे भाषांतर चुकते. 'पावसाचा वेळ मुदतीत मोजला जाणार नाही' असे लिहावे लागते. 'मुदतीत' या एका शब्दाची किंमत इथे १२,००० डॉलर!

'ऑफ-हायर' हे कलम वेगळ्या करारातले. त्यात जहाज ठराविक काळासाठी घेतलेले असते आणि भाडे रोज चालूच राहते. इंजिन बिघडले, खलाशी कमी पडले, अशा कलमात लिहिलेल्या कारणाने वेळ वाया गेला, तरच भाडे थांबते. म्हणून त्याला 'जहाज बंद असलेला काळ' म्हणता येत नाही. बंदरात गर्दी आहे म्हणून जहाज नांगर टाकून आठवडाभर उभे राहिले, तरी ते कामाला सज्ज असते आणि भाडे द्यावेच लागते. मी 'भाडे-स्थगितीचा काळ' असे लिहिले, आणि खाली कारणांची यादी मूळ कलमाप्रमाणे जशीच्या तशी ठेवली. तीत 'इत्यादी' घातले असते, तर यादीबाहेरच्या कारणानेही मालकाचे भाडे थांबते, असा वाद उभा राहिला असता.

शाळेत व्याकरणाच्या तासाला 'हा शब्द कोणाला लागू?' असे विचारले जायचे. करार वाचतानाही तेवढेच विचारावे लागते.